दर पाठवला की सौदीची पार्टी गप्प का होते? हळद निर्यातदारांसाठी समस्या निवारण

लक्षण असं असतं. रियाध किंवा जेद्दाच्या आयातदाराचा नंबर कुठून तरी मिळतो. तुम्ही कंपनीची माहिती, हळकुंडाचे चार फोटो आणि दरपत्रक असा मेसेज टाकता. ‘वेलकम’ असं एका शब्दाचं उत्तर येतं, फार तर ‘सेंड प्राइस’. तुम्ही तासाभरात न्हावा-शेवा एफओबी दर पाठवता. निळी टिक येते आणि तिथून पुढं चिडीचूप. चार दिवसांनी ‘एनी अपडेट सर’, आठवड्यानं ‘स्पेशल डिस्काउंट फॉर यू’, त्यानंतर दर आणखी थोडा खाली. उत्तर नाहीच. निष्कर्ष ठरलेला: ‘सौदीला दर परवडत नाही, त्यांना स्वस्तातला माल लागतो.’

सांगली, हिंगोली, वसमतकडच्या हळद निर्यातदारांकडून हे गाऱ्हाणं दर हंगामात ऐकू येतं. डाळिंब आणि बेदाण्यावाल्यांचंही तेच. बहुतेक वेळा घोडं दरात पेंड खात नसतं. दर कोणाला गेला, कधी गेला आणि त्याआधी काय झालं होतं, तिथं ते अडतं. इथं फक्त सौदीतल्या घराण्यांच्या मसाला पेढ्यांबद्दल लिहितो आहे, म्हणजे बापाने उभी केलेली घाऊक पेढी, आता दोन मुलं धंद्यात, स्वतःची दळण-पॅकिंगची सोय आणि शहरात दोन-तीन दुकानं. दुबईच्या देरा भागातल्या अल रास बाजारातला पुनर्निर्यात करणारा व्यापारी हा वेगळा प्राणी आहे. तो पहिल्याच मेसेजात दर मागतो, लगेच घासाघीस करतो आणि जमलं तर त्याच दिवशी सौदा पक्का करतो. त्याच्याशी पुढं सांगितलेल्या चालीनं वागलात तर तो कंटाळून शेजारच्या गाळ्यात जाईल. पार्टी कुठल्या जातकुळीची आहे हे आधी ठरवा.

शांतता नेमकी कशाची आहे ते ओळखा

दर जास्त वाटला तर अरब व्यापारी गप्प बसत नाही. घासाघीस त्याच्या बाजाराचा रोजचा व्यवहार आहे. तो ‘टू हाय, माय फ्रेंड’ म्हणेल, दुसऱ्याचा दर तोंडावर फेकेल, ‘लास्ट प्राइस’ विचारेल. यातलं काहीच झालं नसेल तर तो दराला नाही म्हणालेला नाही. तो अजून दरापर्यंत पोचलेलाच नाही. अशा वेळी दर खाली आणून काही साधत नाही, उलट नुकसान होतं. मागितल्याशिवाय तीनदा उतरलेला दर एवढंच सांगतो की पहिला आकडा खोटा होता. उद्या खरोखर बोलणी सुरू झाली की तो तुमच्या तिसऱ्या आकड्यापासून खाली घासायला लागेल.

दुसरी शक्यता अशी की तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलत होता. या पेढ्यांमध्ये व्हॉट्सॲपवर उत्तर देणारा बऱ्याचदा खरेदीचं काम बघणारा परदेशी नोकरदार असतो. केरळचा, इजिप्तचा, पाकिस्तानचा, क्वचित आपल्याकडचाही. त्याचं काम मालकापुढं तीन-चार कोटेशनं ठेवणं. नेहमीच्या पुरवठादाराचा दर तपासायला त्याला तुमचा आकडा हवा असतो. तो मिळाला की त्याचं काम संपलं. नवा पुरवठादार घ्यायचा की नाही हा निर्णय त्याच्या हातात नसतो, तो मालकाचा किंवा थोरल्या मुलाचा. ‘सेंड प्राइस’ हे दोन शब्द नमस्काराशिवाय, विचारपूस न करता आले असतील तर नव्वद टक्के समोर खरेदीवाला आहे असं मी धरतो.

तिसरी शक्यता वेळेची. हळदीत हीच सर्वात जास्त नडते आणि सर्वात कमी लक्षात येते. सांगलीच्या यार्डात नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून यायला लागते, आवक मार्च-एप्रिलमध्ये जोर धरते. ‘न्यू क्रॉप’ म्हणून आपले मेसेज सुटतात ते नेमके तेव्हाच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू झाला, 2027 मध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. म्हणजे आपल्या उत्साहाचा काळ आणि त्यांच्या उपवासाचा महिना सध्या एकमेकांवर चढले आहेत. त्या महिन्यात कामाचे तास कमी, बाजार रात्री जागा, शेवटचे दहा दिवस तर इबादतीचे. रमजानसाठीचा मसाला त्यांनी दोन-तीन महिने आधीच भरून ठेवलेला असतो. त्या दिवसांत आलेला दर कोणी वाचत नाही, आणि ईदनंतर उकरून कोणी बघत नाही.

पहिला मेसेज बदला

उदाहरणाला एक सांगलीचा निर्यातदार घेऊ. वर्षाला काही कंटेनर माल बाहेर पाठवणारा, बहुतेक दुबई आणि बांगलादेशला. स्पाइसेस बोर्डाची नोंदणी आहे, स्वतःचं पॉलिशिंग आहे. त्याला रियाधची एक पेढी हवी आहे. नंबर हातात आहे, तरी तो थेट मेसेज टाकत नाही. आधी ओळख करून देणारा माणूस शोधतो.

हे आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही. खेड, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन इथली माणसं दोन-तीन पिढ्या आखातात आहेत. कोणी रियाधमध्ये क्लिअरिंगचं काम करतं, कोणी गोदाम सांभाळतं, कोणी दुकानात हिशेब लिहितं. त्यांच्यातला एक त्या पेढीच्या माणसांना नावानं ओळखत असतो. त्यानं करायचं काम एवढंच: मालकाला किंवा मुलाला प्रत्यक्ष भेटून नाहीतर व्हॉइस मेसेजवर सांगायचं की ‘हा माझ्या मुलखातला माणूस, घर माहीत आहे, हळदीत आहे, तुम्हाला मेसेज करेल.’ सौदीत या ओळखीच्या जोरालाच ‘वास्ता’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. एक काळजी मात्र घ्या. त्या माणसाला दलाली द्यायची आहे का, किती आणि कधी, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. मोघम ठेवलंत तर पहिल्या कंटेनरनंतर तो नाराज होतो, आणि त्याची नाराजी तुमच्या आधी मालकाच्या कानावर जाते.

असा माणूस मिळालाच नाही तर दुबईचं गल्फूड प्रदर्शन हा दुसरा रस्ता. सौदीचे आयातदार तिथं मोठ्या संख्येनं येतात. पण स्टॉलवर दर सांगून कार्ड घेण्यापेक्षा ‘रियाधला येऊन तुम्हाला भेटायचं आहे’ एवढं बोलून या.

आता मेसेज. तो इंग्रजीतच जाणार, पण मजकुराचा अर्थ असा असावा:

‘अस्सलाम अलैकुम, अबू खालिद. तुमची आणि घरच्यांची तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. रियाधचे आपले मित्र अमुक यांनी तुमच्या पेढीबद्दल आदरानं सांगितलं, म्हणून लिहायचं धाडस करतो. आम्ही महाराष्ट्रातल्या सांगलीचे, वडिलांच्या काळापासून हळदीच्या व्यापारात आहोत. तुमच्या सोयीच्या वेळी पाच मिनिटं फोनवर बोलता आलं तर आनंद होईल.’

बस. दरपत्रक नाही, प्रमाणपत्रांचा गठ्ठा नाही, कंटेनरचे फोटो नाहीत. ‘अबू खालिद’ म्हणजे खालिदचा बाप. थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारणं हा तिथला जिव्हाळ्याचा आणि मानाचा प्रकार आहे, पण ते नाव आधी खात्रीनं माहीत हवं. माहीत नसेल तर पहिल्या नावाला ‘मिस्टर’ लावा, आडनावाला नव्हे. घरच्यांची विचारपूस एकत्रित करा, बायकोबद्दल वेगळं विचारू नका. सलाम आपल्या तोंडात बसत नसेल तर साधं ‘गुड इव्हिनिंग’ चालतं, ओढूनताणून अरबी शब्द पेरायची गरज नाही. आणि त्या नंबराला रोजच्या दरांच्या ब्रॉडकास्टमधून काढून टाका. मानानं लिहिलेल्या मेसेजच्या खाली दुसऱ्या दिवशी ‘टुडेज रेट’ येऊन पडलं की सगळं मुसळ केरात.

फोनची वेळ साधी गोष्ट आहे, पण तिथं लोक चुकतात. रियाध आपल्यापेक्षा अडीच तास मागं. त्यांची सुट्टी 2013 पासून शुक्रवार-शनिवार आहे. रविवार हा त्यांचा कामाचा पहिला दिवस, आणि आपण मात्र त्या दिवशी फोन बंद करून बसतो. घाऊक बाजारात संध्याकाळचा वेळ निवांत असतो. आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ-दहा म्हणजे तिथले सात-साडेसात. त्या दिवसाच्या नमाजाच्या वेळा मोबाइलवर बघून मगच फोन लावा.

दर न सांगता बोलायचं तरी काय?

इथं बहुतेकांची पंचाईत होते. हवापाणी विचारून झालं की जीभ आपोआप दराकडं वळते. त्याऐवजी ज्या प्रश्नांना दर लागत नाही पण धंद्याची जाण लागते, ते विचारा.

आपल्या सांगलीकरानं पहिल्या फोनवर विचारलं: ‘तुमचा माल दम्मामला उतरतो की जेद्दाला?’ रियाध समुद्रापासून लांब आहे. दम्माम बंदरातून रेल्वेनं माल रियाधच्या ड्राय पोर्टला जातो, त्यामुळं रियाधच्या बऱ्याच पेढ्यांना दम्माम सोयीचं. ज्यानं न विचारता सीएफआर जेद्दाचा दर टाकला, त्याचा नवखेपणा एका ओळीत उघडा पडतो. पुढचा प्रश्न: हळकुंड स्वतः दळता की अख्खं विकता? दळणाऱ्याला रंग आणि कुरकुमीन महत्त्वाचं, अख्खं विकणाऱ्याला लांबी, पॉलिश आणि तुटीचं प्रमाण. यातून त्याला राजापुरी दाखवायची की सेलम, हे ठरतं. तिसरा विषय शिशाचा. रंग चढवण्यासाठी हळदीला लेड क्रोमेट लावायचे प्रकार दक्षिण आशियात सापडले आहेत आणि सौदीतले आयातदार त्याला वचकून असतात. तुम्ही आपणहून लॉटचा प्रयोगशाळा अहवाल देऊ केलात तर तो कुठल्याही सवलतीपेक्षा जड भरतो.

मग नमुना. चकाचक निवडलेली हळकुंडं पाठवायचा मोह टाळा. जो लॉट खरोखर भरणार आहात त्यातलाच एक किलो घ्या, अर्धा त्यांच्याकडं, अर्धा लॉट नंबर घालून सील करून तुमच्याकडं. कुरिअर पोचल्यावर ‘कसा वाटला?’ म्हणून दोन दिवसांत तगादा लावू नका. पोचल्याची खात्री करा आणि थांबा. हा थांबायचा काळ आपल्याला वाया गेल्यासारखा वाटतो, पण तिथं याच काळात तुमच्याबद्दल चौकशी होत असते: ओळख करून देणाऱ्याकडं, दुबईच्या कोणाकडं, कधीकधी सांगलीच्याच दुसऱ्या व्यापाऱ्याकडं. आपल्याही यार्डात शेतकरी थोड्याफार भावासाठी पिढीजात अडत सोडत नाही, आणि नव्या अडत्याकडं माल टाकण्याआधी गावभर विचारतो. त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही.

आता कॅलेंडर बघा. ओळख नोव्हेंबरात झाली, फोन आणि नमुना डिसेंबर-जानेवारीत. रमजान लागायच्या आधी एक शुभेच्छांचा मेसेज, त्यात धंद्याचं अक्षरही नाही. महिनाभर शांत. ईदला शुभेच्छा. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ‘नवा माल यार्डात चांगला आला आहे, तुम्हाला दाखवायला रियाधला येऊ का?’ तोवर मार्चचा उत्तरार्ध आलेला असतो, आणि हळद वाळून, पॉलिश होऊन तयार असते. म्हणजे या रांगेत हंगामाचं नुकसानही होत नाही.

भेटीत

पेढीच्या मागं किंवा वर बसायची खोली असते. तिथं तुम्ही एकटे नसता. शेजारचा व्यापारी, कोणी नातेवाईक, गाडीचा दलाल येत-जात असतात, मालक मध्येच फोन घेतो, तुमचं बोलणं तीनदा तुटतं. हा तुमचा अपमान नाही, बसायची तीच रीत आहे. लॅपटॉप काढून प्रेझेंटेशन दाखवायची ही जागा नव्हे. खजूर येतो आणि बिनदांड्याच्या छोट्या कपात वेलचीची फिकी पिवळसर कॉफी, कप जेमतेम पाव भरलेला. उजव्या हातानं घ्या. कप रिकामा झाला की वाढणारा पुन्हा ओततो, पुरे झालं की कप हलकेच दोन्ही बाजूंना हलवून परत द्या. हे माहीत नसलेली आपली माणसं संकोचानं सात-आठ कप पितात आणि रात्रभर जागी राहतात.

भेट म्हणून बेदाण्याचा किंवा मोसम असेल तर हापूसचा डबा उत्तम. गणपतीची मूर्ती, देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर किंवा कंपनीची डायरी नेऊ नका. आपल्याकडं हे सवयीनं दिलं जातं, तिथं घेणाऱ्याची अडचण होते. निर्यातदार स्त्री असेल तर हात पुढं करायचं समोरच्यावर सोडावं, छातीवर हात ठेवून केलेला नमस्कार तितकाच आदराचा मानतात.

दराचा विषय बहुतेक वेळा बसलेलं असताना निघतच नाही. निघताना दारात, किंवा दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवरून येतो. मुलगा बाहेर शिकलेला असतो, त्याला एक्सेल हवं असतं, आणि त्याला ते नीट द्यावं: ग्रेडनिहाय दर, बंदर, पॅकिंग, मुदत. बापाला कागद दाखवत बसू नका आणि मुलाला नुसती विचारपूस करून ताटकळत ठेवू नका. दरात घासाघिशीला थोडी जागा ठेवा, पण थोडीच. सोडायचं असेल तर एकदाच आणि कशाच्या तरी बदल्यात सोडा, म्हणजे जास्त पोती किंवा लवकर आगाऊ रक्कम.

खरेदीवाल्यानं आधीच दर मागितला तर

टाळाटाळ करू नका. दर लपवणारा माणूस तिथंही संशयास्पदच वाटतो. त्याला ग्रेडनुसार स्वच्छ दर द्या, सात दिवसांची मुदत लिहा आणि एकच वाक्य जोडा की मालकांना भेटून सलाम करायची इच्छा आहे, कधी जमेल ते कळवा. त्याला बगल देऊन परस्पर वर जाऊ नका. नमुन्याची खबर, अहवालाची प्रत त्याला आधी मिळू द्या. मालक निर्णय घेतो, पण तुमची फाइल वर ठेवायची की खाली, हे याच्या हातात असतं.

दर आधीच दोन-तीनदा उतरवून झाला असेल आणि धागा मेला असेल, तर चौथा दर पाठवू नका. निदान दीड-दोन महिने काहीच नको. मग ओळखीच्या माणसाकरवी नव्यानं सुरुवात करा, शक्य असेल तर खरेदीवाल्याऐवजी मुलापर्यंत. जुन्या दरांचा उल्लेख तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ‘तो मागच्या हंगामाचा माल होता’ हे सांगता येईल एवढं अंतर पडलेलं असावं.

‘इन्शाल्ला’ कसं वाचायचं

तोंडावर नाही म्हणणं तिथं उद्धटपणा समजला जातो, म्हणून नकारही बऱ्याचदा ‘इन्शाल्ला’तच येतो. फरक शब्दात नाही, त्याच्याबरोबर काय येतं त्यात आहे. ‘इन्शाल्ला, रविवारी मुलगा फोन करेल’, ‘इन्शाल्ला, आमच्या लेबलचा अरबी मजकूर पाठवतो’ हा होकार आहे. नुसतं ‘इन्शाल्ला, गुड’ आणि पुढं कोणाचं नाव नाही, वार नाही, तर अजून ठरलेलं नाही. अशा दोन उत्तरांनंतर फोन थांबवा आणि ओळख करून देणाऱ्याला विचारा. त्याला खरं कारण सांगितलं जातं, तुम्हाला सांगितलं जाणार नाही.

मैत्री आणि उधारी

संबंध जुळले की एक नवी अडचण येते: ‘माय ब्रदर, माल पाठव, पोचल्यावर पैसे.’ इथं विरघळायचं नाही आणि तोंड वाकडंही करायचं नाही. नकार माणसाचा न ठेवता नियमाचा ठेवा. ‘आमची बँक आणि ईसीजीसी पहिल्या मालाला इतकीच मुभा देतात, तुमच्या नावाची मर्यादा मंजूर झाली की मीच पुढं येईन.’ हे खरंही आहे, ईसीजीसी खरेदीदारागणिक मर्यादा ठरवते. पहिला माल काही रक्कम आगाऊ आणि बाकी कागदपत्रांवर, किंवा एलसीवर. खरा पेढीवाला यानं दुखावत नाही. दुखावल्याचं नाटक करणारा, नमुना न मागता एकदम दहा कंटेनर बोलणारा, किंवा ‘नोंदणी फी’, ‘वकील फी’ आधी पाठवा म्हणणारा असेल, तर तो पेढीवाला नाहीच. तिथून कागदपत्रं मागवा, रियाधच्या भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागाला मेल करून पेढीची चौकशी करा, आणि तोवर एक पैसाही हलवू नका.

एवढं सगळं करूनही ईद आणि नंतरचा हज उलटून गेला, नमुन्यावर शब्द नाही, भेटीला वेळ नाही, ओळखीचा माणूसही ‘बघू’ म्हणतो, तर ती पार्टी त्या वर्षापुरती बाजूला ठेवा. वर्षातून दोन ईदच्या शुभेच्छा तेवढ्या जाऊ द्यात, बाकी वेळ दुसऱ्या पेढीला द्या. नेहमीच्या पुरवठादाराचा एखादा लॉट फसला की याच यादीतल्या नंबराला फोन लागतो, आणि तेव्हा पहिला प्रश्न दराचा नसतो, ‘माल तयार आहे का’ असा असतो.